रिकाम्या गाडीचं भाडं

माळावरच्या वसाहतीतून आलेली गाडीची तिसरी मागणीही वहिनीने नाकारली, तसं टॅक्सी कंपनीने तिचं खातं बंद केलं. टॅक्सीवाल्यांमध्ये तिला सगळे वहिनीच म्हणत.

ती तडक कंपनीच्या कार्यालयात गेली. समोरच्या साहेबाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "'माझी चूक झाली' एवढं दाबा. खातं लगेच सुरू."

"नऊ किलोमीटर रिकामी गाडी हाकत वर जायचं आणि वसाहतीतून पायथ्याच्या दवाखान्यापर्यंत दोन किलोमीटरचं भाडं घ्यायचं. यात माझी चूक कुठली?"

"वहिनी, रिकामं फिरणं सरासरीने दरात धरलेलं असतं."

"शहरात धरलेलं असेल. तिथे एक उतरला की दुसरा चढतो. माळावर कोण चढतंय?"

"लांबून येण्याचे वेगळे पैसे लावले, तर गिऱ्हाईक पळेल."

"आणि नाही लावले, तर मी पळते!" वहिनी उठली. बटणाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "दाब की बाई, काय बिघडतं?"

"खोटं बोलायला लागतं, ते बिघडतं."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच माळावर गेली. दवाखान्यातली एक नर्स वसाहतीच्या फाटकाशी उभी होती. वहिनीने ओळख सांगताच ती उसळली, "म्हणजे ती नाही म्हणणारी तुम्हीच? पायी गेले मी, उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली!"

"मीच ती. तुम्ही बोलणी खाल्लीत, याचं वाईट वाटतं. पण फुकट वर यायला मी बांधलेली नाही. आता सरळ सांगते, माझ्या रिकाम्या येण्याचेही पैसे भाड्यात लागतील. चौघी मिळून बसलात, तर वाटून जातील."

"तरी जास्तच की!"

"मग वर येतानाच कुणी बसणारं दाखवा. रिकामी आले नाही, तर त्याचे पैसे कशाला घेऊ?"

नर्स घुश्शातच होती, पण विचार करायला लागली. वसाहतीतल्या शाळेच्या तीन बाई रोज शहरातून यायच्या, त्याही गाडीसाठी ताटकळायच्या. नर्सनेच त्यांना फोन लावला.

सोमवारी वहिनीने बाईंना वर नेलं आणि त्याच गाडीतून चौघी नर्सना खाली आणलं. दवाखान्यापासून शहरापर्यंतचं परतणं तेवढं रिकामं राहिलं. ते तिने सातही जणींच्या भाड्यात धरलं, तेही आधी सांगून. कुरकुर झाली. एकीने तर "महाग आहात हो" असं तोंडावर ऐकवलं, पण दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांत आधी बसली.

वहिनीचं पाहून इतर टॅक्सीवाल्यांनीही माळावरच्या मागण्या धडाधड नाकारल्या. महिन्याभरात कंपनीने लांबून येण्याचा वेगळा आकार सुरू केला. साहेबाने फोन करून ते कळवलं आणि म्हणाला, "आता तरी ते बटण दाबा."

"आकार लावलात, म्हणजे चूक कुणाची होती ते तुम्हीच कबूल केलंत," वहिनी म्हणाली. "ते बटण तुम्हीच दाबा."

तिचं खातं अजून बंद आहे. गाडी मात्र रोज भरून माळ चढते.