गोंगाटातल्या मैत्रिणी

मी एक जुनी कॅसेट आहे, साठ मिनिटांची, दोन बाजूंची. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला कधी पाहिलंही नसेल. माझ्या पोटात तपकिरी फीत गुंडाळलेली असते आणि तिच्यावर माणसांचे आवाज राहतात.

एकोणीसशे शहाऐंशी साली सोलापूरच्या कवयित्री सिद्धेश्वरीबाईंनी मला विकत घेतलं. दर गुरुवारी दुपारी त्या सात रस्ता चौकाजवळ काशम्मांच्या शिवणकामाच्या खोलीत जात. सारजाबाईही तिथे येत. त्या मूळच्या माढ्याच्या, इथे एका दवाखान्यात आया होत्या. सिद्धेश्वरीबाई कविता वाचत आणि काशम्मांचं मशीन चालू असे. एखादी ओळ खटकली की मशीन थांबायचं. मग सिद्धेश्वरीबाईही थांबत.

एकदा त्यांनी मला टेपरेकॉर्डरमध्ये घालून तो चालू केला आणि वाचलं, ‘विहिरीत पाणी शांत होतं.’

सारजाबाई म्हणाल्या, “शांत काय, बाई? पाणी गप हाय म्हण की.”

मग कागदावर पेन सरकल्याचा आवाज आला. तोही माझ्यावर आहे.

सिद्धेश्वरीबाई वारल्या, तेव्हा त्यांच्या भावाने मला एका चरित्रकारांकडे दिलं. ते विद्वान होते आणि त्यांना कवितांचं खरंच प्रेम होतं. त्यांनी कविता तेवढ्या उतरवून घेतल्या आणि माझ्यावर चिठ्ठी चिकटवली : ‘मागे घरगुती गोंगाट’. चरित्रात त्यांनी लिहिलं, की बाईंनी एकटीने साधना केली, त्यांना कोणाची सोबत नव्हती. ‘गप’ या शब्दाचं कौतुक करायला त्यांनी दीड पान खर्च केलं.

माझ्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या, की माझ्यावर नवं काही भरता येत नाही. माझ्या कोणी मोडल्या नव्हत्या. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या दिवशी चरित्रकारांनी माझ्या दुसऱ्या बाजूवर स्वतःचं भाषण भरून घेतलं.

पुढे तीस वर्षं मी खोक्यात पडून होते. माझ्यावर बुरशी चढली. चरित्रकारांच्या घरच्यांनी ते खोकं ग्रंथालयाला दिलं, तिथे अंकिता या संशोधक मुलीला मी सापडले. तिने मला लगेच वाजवलं नाही. आधी जाणकाराकडून फीत साफ करून घेतली आणि संगणकावर माझी नक्कल उतरवली. मग कानाला हेडफोन लावून ती प्रत्येक आवाज लिहू लागली : पहिली बाई, दुसरी बाई, मशीन थांबलं, हसू. सिद्धेश्वरीबाईंची हस्तलिखितं तिने जवळ ठेवली होती. ‘शांत’ खोडून वर ‘गप’ लिहिलेलं तिला त्यात दिसलं.

पण त्या बाया कोण? कवितांच्या समासात ठिकठिकाणी ‘का.’ असं होतं. चरित्रकारांनी त्याचा अर्थ ‘काका’ असा लावला होता. अंकिताने कॅसेटवर ‘काशे’ अशी हाक ऐकली आणि सात रस्त्याच्या जुन्या दुकानदारांना विचारत फिरली. असं करत ती ब्याऐंशी वर्षांच्या काशम्मांपर्यंत पोचली.

तिने नावं आधी सांगितली नाहीत, फक्त आवाज ऐकवला.

काशम्मा म्हणाल्या, “ही सारजा. गेल्या दिवाळीत गेली. तुमी आधी का आला न्हाय?”

अंकिताने वहीत सारजाबाईंचं नाव आणि गाव लिहून घेतलं.

एकाच माणसाच्या आठवणीवर विसंबू नये, म्हणून ती माढ्याला सारजाबाईंच्या सुनेकडे गेली.

“पत्रं व्हती की लई,” सून म्हणाली. “घर रंगवलं तवा बंबात घातली. कुणाला ठाव, ती कामाची हायेत म्हणून?”

एक पोस्टकार्ड तेवढं देवाच्या फोटोमागे राहिलं होतं. अक्षर सिद्धेश्वरीबाईंचं होतं : ‘सारजा, तुझा गप शब्द ठेवला. पुस्तकात तुझं नाव घालायचं राहिलं, ते मनाला लागून आहे.’

अंकिता परत आली, तेव्हा काशम्मांनी मला हातात घेतलं. म्हणाल्या, “दुसरी बाजू लाव. त्यात माझं कानडी गाणं हाय. मीच रचलेलं. कागदावर कधी घातलं न्हाय, आता मला येत न्हाय.”

अंकिताला ती बाजू ठाऊक होती. त्या गाण्यावर भाषण भरलं गेलंय, हे तिने खरं सांगितलं. तरी काशम्मा म्हणाल्या, “लाव.”

पंचवीस मिनिटं चरित्रकार बोलत राहिले. कवयित्रीच्या एकाकीपणावर त्यांचा आवाज भरून आला होता. काशम्मा मान खाली घालून ऐकत होत्या. भाषण संपलं. टाळ्या झाल्या, खट् आवाज झाला, आणि भाषणाने न पुसलेला शेवटचा तुकडा सुरू झाला. शिवणयंत्र थांबलेलं. सारजाबाई हसल्या. मग सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या, “काशे, परत म्हण की.”

तिथे माझी फीत संपते.

अंकिताच्या नव्या पुस्तकात आता तिघींची नावं आहेत. गाण्यासाठी तिने एक पान कोरं सोडलं आहे आणि ते का कोरं आहे, ते खाली लिहिलं आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्यावरचे सगळे आवाज ऐका. ते कोणाचे, हे ओळखणारं माणूस घरात आहे तोवरच विचारा. काशम्मा अजून अधूनमधून ओठ हलवून पाहतात. पहिला शब्दच त्यांना आठवत नाही.