अडतीसचा आकडा

तलाठी म्हणून तीस वर्षं काढली, त्यामुळे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवयच गेली. सून स्वप्ना नेकनूरकडच्या एका वस्तीवर शाळेत शिकवते. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे चारशे. तिच्या गाडीचा किलोमीटरचा काटा कधीचा बंद, पण पेट्रोल साडेदहा लिटर लागतं. पन्नासच्या मायलेजनं सव्वापाचशे किलोमीटर झाले. मग वरचे सव्वाशे कुठं जातात?

हे मी पोराला, विजयसिंहाला, पुण्याला फोनवर सांगितलं. त्यानं बायकोला नोकरी सोडायला सांगितलं. महिनाअखेर शेवटची मुदत.

स्वप्ना रडली नाही. "बॅटरीची गाडी घ्या मामा," एवढंच म्हणाली.

आता हिला नवी गाडी कावून पाहिजे? गाड्यांच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, चार्जिंगचा खर्च किलोमीटरला वीस पैसे. हा दुसरा चोर! मी पुतण्या अंगदची बॅटरीची स्कूटर आठवडाभर मागून आणली, स्वप्नाला शाळेत जायला दिली आणि चार्जरच्या प्लगला छोटा मीटर लावला. सहा दिवसांत साडेतीन युनिट. आमचं बिल शंभर युनिटच्या वर जातं, म्हणून हे युनिट वरच्या दराचे, करासकट तेरा रुपयांचे. किलोमीटरला सत्तेचाळीस पैसे पडले. दुकानदारानं खालचा दर आणि जाहिरातीतलं अंतर धरलेलं. पकडला लेकाला!

गाडीच्या पडद्यावर मात्र शहाण्णव किलोमीटर होते. सोळा सक शहाण्णव. एकही जास्त नाही.

"नजर ठेवलीय म्हणल्यावर कोण वाकडं जाईल?" मी मनाशी म्हटलं. संशयाला औषध नाही म्हणतात, ते खरं.

मग पेट्रोलच्या गाडीची टाकी काठोकाठ भरली आणि मीच तिच्या रस्त्यानं पाच फेऱ्या मारल्या. ऐंशी किलोमीटर. पंपावर पुन्हा काठोकाठ भरलं, तर दोन लिटर शंभर मिली गेलं. अडतीसचं मायलेज! चारशेला साडेदहा लिटरच लागणार. पन्नासचा आकडा माझ्याच डोक्यातला, गाडी नवी होती तेव्हाचा. किलोमीटरला पावणेतीन रुपये जळत होते आणि संशय मी सुनेवर घेतला होता. पंपावर उभं राहायचीही लाज वाटली.

तिथूनच विजयसिंहाला फोन लावला. "चूक माझी हाय. नोकरी सुटणार न्हाई."

घरी आलो. स्वप्ना वह्या तपासत होती.

"पोरी, बॅटरीची गाडी घेऊ. किलोमीटरमागं सव्वादोन रुपये वाचतेत," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही.

"मी पैशासाठी न्हवते मागत, मामा. त्या गाडीच्या पडद्यावर मी किती गेले ते दिसतंय. माझ्या शब्दावर तर तुमचा इस्वास न्हाई."