फोन कॅज्युअल्टीतच वाजला

कीर्तनाचं वेड मी दवाखान्यातही घेऊन येतो. त्यामुळे दगावलेल्या पेशंटचा आढावा घेणाऱ्या मॉर्टॅलिटी मीटिंगच्या स्लाइड्स करायला बसलो, तर मला आधी पूर्वरंग सुचला. पहिल्या स्लाइडवर समईचा फोटो टाकला! प्रसंग मात्र दुःखाचा. रोहणा गावचे एक आजोबा, किडन्या थकलेल्या. रक्तातलं पोटॅशियम जिवाला धोका होईल इतकं वाढलं, वार्डात कोणाला कळलं नाही, आणि हृदय थांबलं. केसपेपर वाचून मी पाचवी स्लाइड रंगवली : 'डॉ. अंकिता यांनी रिपोर्ट पाहिला नाही.' आख्यानाला रावण नको का?

ती स्लाइड पाहून युनिटप्रमुख नंदिनी मॅडमनी चष्मा काढला.

"काऊन जी? इकडे पोरगी पीजी सोडाची चिठ्ठी लिहून राह्यली, अन् तुम्ही चिपळ्या वाजवता?"

मी चपापलो. अंकिता आमची पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, आजोबा गेले त्या संध्याकाळी वार्डात एकटीच. घाईघाईनं नाव खोडून 'ड्यूटीवरील डॉक्टर' केलं.

"नाव गेलं, बोट तिच्याकडेच हाय. तिच्या जागी तुम्ही असते, तर तुम्हाले कळलं असतं?"

"अर्थात!" मी छाती फुगवली.

"मग करून दाखवा."

तातडीच्या विभागातून, म्हणजे कॅज्युअल्टीतून, नुकताच वार्डात आलेला एक पेशंट निवडला आणि लॅबला फोन लावला. "यांचा रिपोर्ट धोक्याचा आला तर कुठं कळवाल?"

"कॅज्युअल्टीत, सर. कॉम्प्युटरमधे पेशंट तिथंच दिसते."

पेशंट माझ्यासमोर खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवत होता. वार्ड बदलल्याची नोंद कारकून दुसऱ्या दिवशी सकाळी करतो, हे तेव्हा कळलं. आजोबांच्या वेळीही फोन कॅज्युअल्टीतच वाजला होता. 'पेशंट इथं नाई' म्हणून कोणीतरी तो ठेवला, आणि लॅबनं 'कळवलं' अशी नोंद केली. छाती आपोआप बसली.

मी अंकिताला बोलावलं. तिनं कोरड्या आवाजात विचारलं, "सर, फाशी कवा हाय?"

"बस इथं. रिपोर्ट कुठं अडकला ते काढू."

"ड्यूटी बदलताना देते त्या हँडओव्हरच्या कागदात, यायच्या बाकी रिपोर्टचा रकानाच नाई, सर. रक्त पाठवलं, हेच मले कोणी सांगितलं नव्हतं."

समई गेली. पाचव्या स्लाइडवर फक्त रक्ताच्या नळीचा प्रवास आला, आणि तो जिथं जिथं तुटला त्या जागा.

मीटिंगमधे सर्जरीच्या एका सरांनी विचारलंच, "पण ड्यूटीवर होतं कोण?"

सभागृह भरलेलं, माझी जीभ वळवळली. तरी म्हणालो, "कोणीही असतं, तरी फोन कॅज्युअल्टीतच वाजला असता, सर. मी स्वतः करून पाहिलंय."

मग ठरलं : वार्ड बदलल्याची नोंद झाल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही. लॅबनं आकडा उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच सांगायचा, आणि त्यानं तो परत म्हणून दाखवेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

शेवटच्या रांगेतून अंकिता उठली. "कारकून रात्री नसते, सर. मग नोंद कोण करन?"

मला उत्तर येत नव्हतं. चक्क तसंच सांगितलं.

"हे तूच शोधजो," मॅडम म्हणाल्या, "अन् पुढच्या मीटिंगमधे सांगजो."

"सांगीन, मॅडम," म्हणून अंकिता खाली बसली आणि शेजारच्याकडे पेन मागू लागली.