पुसलेला पेला

पेला तिनेच पुसला होता. त्या वेळी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. ते खरं नव्हतं. वाटलं होतं.

तिचं काम शब्दांचं. वस्तू कशी दिसायला हवी ते लिहायचं आणि यंत्राने त्याची जाहिरातीची चित्रं काढायची. ऑफिसात तिला सगळे ‘मसालेवाली’ म्हणत, कारण वस्तू तीच ठेवून वरचे चार शब्द बदलले की तिची चवच बदलायची. स्वस्त दाखवायचं तर सगळीकडे सारखा पांढरा उजेड, प्लास्टिक, खच्चून भरलेली मांडणी. खेळकर हवं तर गोळ्या-चॉकलेटचे रंग, तिरकी बाटली, हवेत उडणारे थेंब. आणि नुसतं ‘आलिशान’ लिहून भागत नाही, यंत्र सगळ्याला सोनं फासून मोकळं होतं. तिथे लिहावं लागतं: एका बाजूने येणारा मंद उजेड, काळा संगमरवर, भोवती भरपूर मोकळी जागा.

फरशी पुसायच्या द्रावणाच्या मालकाला आलिशानच हवं होतं. तिने वर ‘मधाच्या रंगाची काच, गार दवबिंदू, लिंबाची चकती’ घातलं. यंत्राने बाटलीशेजारी न मागता एक भरलेला पेला ठेवला. ठेवणारच. असा उजेड, अशी काच आणि असे दवबिंदू त्याने हजारो चित्रांत पाहिलेले, ते सगळे पेयांच्या चित्रांत. तिने पेला चित्रातून पुसून टाकला आणि चित्र पाठवून दिलं. मालक इतका खूश झाला, की त्याने चित्राबरहुकूम खरीच काचेची बाटली करून घेतली. साहेबांनी तिची पाठ थोपटली. मग पेल्याचं कोण बोलतंय?

काल नमुन्याच्या बाटल्या आल्या. एक ती कौतुकाने घरी घेऊन गेली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. सासऱ्यांना दाखवायचं राहून गेलं.

आज दुपारी हिशेबनीस बाई ऑफिसातल्या बाटलीपाशी थांबल्या, झाकण उघडून वास घेतला आणि सहज म्हणाल्या, “सरबत कुणी आणलं? मला अर्धाच पेला द्या.”

सगळे हसले. हिला मात्र घरच्या टेबलावरची बाटली आठवली. घरी सासरे एकटे. डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग. आणि दुपारी उठल्यावर काहीतरी गार प्यायची जुनी सवय.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. म्हातारबुवा फोन झोपायच्या खोलीत ठेवून घरभर फिरतात, यावरून ती रोज वैतागायची. आज वैतागायलाही त्राण नव्हतं. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. हातात फोन आणि घराची किल्ली एवढंच घेऊन ती धावली. रिक्षात मनाला नको ते दिसत होतं: उलटलेली खुर्ची, घशाशी गेलेला हात. देव कधी न आठवणाऱ्या बाईला तेवढ्या वाटेत सगळे देव आठवले.

दार उघडताना किल्ली दोनदा हातून निसटली.

सासरे टेबलापाशी बसले होते. बाटली उघडी. समोर दोन पेले, दोन्ही काठोकाठ भरलेले. पाहुण्यांसाठी ठेवलेले, कपाटातले चांगले पेले.

“आलीस? लवकर सुटलीस वाटतं,” ते म्हणाले. “एवढी भारी वस्तू एकट्याने कशी प्यायची, म्हणून तुझी वाट बघत थांबलो. पण घसा कोरडा पडलाय बघ.” आणि त्यांनी पेल्याकडे हात नेला.

“बाबा, नको!” तिने दोन्ही पेले ओढून घेतले. हातावर, साडीवर थोडं द्रावण सांडलं. तिने ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवले. हे फरशी पुसायचं आहे, विष आहे, एवढं तिने रडत रडत कसंबसं सांगितलं.

सासरे बराच वेळ बाटली डोळ्यांजवळ धरून फिरवत राहिले.

“सूनबाई, मी आंधळा झालोय, मान्य आहे,” ते हळूच म्हणाले. “पण हिने मला बोलावलं गं. असं कुणी केलं हिला?”

तिच्याकडे उत्तर होतं. सोमवारी पाच हजार बाटल्या दुकानांत जाणार होत्या. अशी टेबलं घरोघरी होती. नोकरी जाईल, ही भीती तिला वाटलीच, पण मघाच्या भीतीपुढे ती फारच लहान निघाली. तिने साबणाने हात धुतले आणि साहेबांना फोन लावला.

बाटल्या थांबवा, म्हणाली. चित्रात यंत्राने पेला ठेवला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“पेला? कुठला पेला?” साहेब म्हणाले. “चित्रात पेला नाहीये.”

“मी पुसला होता,” ती म्हणाली. “आत्ता माझ्यासमोर दोन भरलेले आहेत.”