समज देऊन सोडले

नकाशावर अंबरनाथच्या भीमज्योत नगराचा चौकोन सलग तिसऱ्या आठवड्यात लाल आला, तेव्हा अक्षदाने खुर्ची पुढे ओढली. त्या चौकोनात तिच्या मामाचं घर होतं.

ती संख्याशास्त्र शिकलेली, बदलापूरची. एका खाजगी कंपनीकडून पोलिसांच्या कार्यालयात तिची नेमणूक झाली होती. कंपनीचं सॉफ्टवेअर उल्हासनगर ते बदलापूर हा सगळा पट्टा अडीचशे मीटरच्या चौकोनांत कापायचं, मागच्या पाच वर्षांच्या नोंदी त्यात ओतायचं आणि पुढच्या आठवड्यात गुन्हा कुठे घडेल ते रंगवून दाखवायचं. लाल चौकोनात गस्तीची गाडी फेऱ्या मारायची.

मामाचा मुलगा आकाश याचा त्या दिवशी सकाळीच फोन आला होता. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या नोकरीसाठी त्याची निवड झाली होती. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती.

"अक्षाताई, हल्ली संध्याकाळी गाडी रोज येते गं आमच्याकडे. कट्ट्यावर बसलो तरी नाव विचारतात. एकदा का नोंदीत नाव लागलं, की विमानतळाचा पास गेला माझा."

"बसू नकोस ना मग कट्ट्यावर."

"घरात सात माणसं आहेत. बसू कुठे, पंख्यावर?"

अक्षदाने त्या चौकोनाच्या नोंदी उघडल्या. चोरी, घरफोडी, मारामारी यांच्या तक्रारी तुरळक होत्या. बाकी सगळा गठ्ठा प्रतिबंधक कारवाईचा होता. सण आला, निवडणूक आली, जयंती आली, की 'शांतताभंग होऊ शकतो' म्हणून पोलीस ज्या पोरांना उचलून बंधपत्र लिहून घेतात, त्यांची नावं. घडलं काहीच नव्हतं. पोलीस तिथे गेले होते, एवढंच खरं होतं. सॉफ्टवेअरला हा फरक कळायचं कारण नव्हतं. त्याच्या लेखी नोंद म्हणजे गुन्हा. जिथे नोंदी जास्त तिथे गाडी, जिथे गाडी तिथे आणखी नोंदी.

तिने एक वेगळा नकाशा केला. त्यात फक्त लोकांनी स्वतः येऊन दिलेल्या तक्रारी घेतल्या. भीमज्योत नगर फिकं पडलं आणि उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात चार चौकोन पेटले. हाही नकाशा निर्दोष नव्हता, कारण पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरणाऱ्यांच्या तक्रारी त्यात येणारच नव्हत्या. पण पहिल्यापेक्षा बरा होता.

तिचा वरिष्ठ वरद लॅपटॉपकडे बघत राहिला. "क्लायंटला सांगायचं काय? पाच वर्षं चुकीच्या ठिकाणी गेलात?"

"क्लायंटला सांगायचं, मोजून बघा."

इन्स्पेक्टर शेलार समजूतदार माणूस होते. मोजून बघा, हे तिचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. "मॅडम, भांडण कशाला? दोन गाड्या देतो. एक जुन्या नकाशावर, एक तुमच्या. दोन आठवडे. जिच्या फेऱ्यांत जास्त सापडेल, तो नकाशा खरा."

"सापडेल म्हणजे?"

"नोंद होईल. दुसरं काय मोजणार?"

अक्षदाला हे रास्त वाटलं. तुलना समोरासमोर, एकाच काळात, सारख्याच फेऱ्या. कॉलेजात याहून ढिसाळ प्रयोगांना गुण मिळालेले तिने पाहिले होते. कागदावर तिनेच सही केली. आकाशला तिने फोन करून सांगितलं, "दोन आठवडे दम धर. मग गाडी यायची बंद होईल."

दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः आपल्या नकाशाच्या गाडीत बसली. पुढे हवालदार संतोष, मागे ती. कॅम्प दोनमध्ये दुकानं बंद व्हायची वेळ होती. एका चौकात आपल्या गाडीच्या बॉनेटवर बाटल्या ठेवून पाच-सहा पोरं पीत होती. त्यातल्या एकाने फर्निचरवाल्याच्या कामगाराची कॉलर धरली होती. कामगाराच्या ओठातून रक्त येत होतं.

संतोष खाली उतरला. "काय चाललंय? बाटल्या उचला. घरी जा."

"अंकल, मस्ती चल रही थी," एक म्हणाला.

"मस्ती घरी करायची. पप्पांना फोन करू?"

पोरं हसत आपल्या गाडीत बसली. कामगार ओठ पुसत शटर ओढायला गेला. संतोष परत येऊन सीटवर टेकला.

"नोंद?" अक्षदाने विचारलं.

"कसली? समज देऊन सोडलं ना."

"त्याला मारलं होतं, काका. उघड्यावर पीत होते."

"अहो मॅडम, ओळखीची घरं आहेत. नोंद केली की अर्ध्या तासात चार फोन. तो कामगार तरी तक्रार देणार आहे का? उद्या त्याला तिथेच कामाला यायचंय." तो वाईट माणूस नव्हता. त्याने मागे वळून तिला पाण्याची बाटली दिली. "भीमज्योतला बरं असतं. तिथे फोन येत नाहीत."

अक्षदाने बाटली न उघडताच मांडीवर ठेवली. तिने नकाशा बदलला होता. नोंद करणारा हात तोच राहिला होता. आणि मोजायचं काय, यावर सही तिची होती.

दुसऱ्या दिवशी ती शेलारांकडे गेली. प्रयोग थांबवा म्हणाली, किंवा निदान सोडून दिलेल्यांचीही नोंद ठेवा.

शेलारांनी फाईल मिटली. "सोडलेल्यांची नोंद ठेवली तर त्यांना सोडलं कसं म्हणायचं, मॅडम? मोजून बघा हे तुमचंच म्हणणं होतं. आता निकाल आवडत नाही म्हणून फूटपट्टी बदलायची?"

त्याच संध्याकाळी जुन्या नकाशाची गाडी भीमज्योत नगरात थांबली. आकाश आणि त्याचे तीन मित्र कट्ट्यावर मोबाईलवर क्रिकेट बघत होते. बाटली नव्हती, भांडण नव्हतं. नाव विचारल्यावर आकाशने विचारलं, "का, काय केलंय?" तेवढं पुरलं. चौघांवर प्रतिबंधक कारवाई झाली.

मामांनी ठाण्यातून फोन केला. "तू तिथेच आहेस ना गं? सांग ना साहेबांना."

तिने सांगितलं. शेलार म्हणाले, "नातेवाईक आहे हे आधी सांगायला हवं होतं. आता तुमच्या नकाशावर कोण विश्वास ठेवणार?"

निकालात जुना नकाशा कित्येक पटींनी जिंकला. अक्षदाने अहवालात दोन पानं जोडली: दोन्हीकडे काय दिसलं, कुठे लिहिलं गेलं, कुठे नाही. वरदने ती पानं काढून टाकली. 'स्वतंत्र चाचणीत अचूकता सिद्ध' हे वाक्य ठेवलं आणि खाली तिचं नाव ठेवलं.

"तुझ्या करिअरला चांगलं आहे," तो म्हणाला. "आणखी एका शहराने विचारलंय."

आकाशची पडताळणी महिनाभराने परत आली. शेरा प्रतिकूल होता. तो तिच्यावर ओरडला नाही. तिच्या घरी आला, चहा घेतला, मोबाईल खाली ठेवला.

"ताई, तुझ्या त्या मशीनमध्ये मी आता आहे ना?"

"आहेस."

"काय म्हणून?"

त्याने कप उचलून मोरीत विसळला, चपला घातल्या आणि गेला.

सोमवारी नव्या नोंदी घालून सॉफ्टवेअर पुन्हा चालवायचं काम तिच्याकडेच होतं. आकाशची ओळ तिला लगेच सापडली. ठाण्यातल्या मूळ कागदाला याने काही होणार नव्हतं, नोकरी परत येणार नव्हती, हे तिला माहीत होतं. तरी तिने स्वतःच्या प्रतीतून ती ओळ पुसली आणि नकाशा पुन्हा काढला.

भीमज्योत नगर तितकंच लाल होतं. मग तिने ती ओळ परत घातली, कारण ती नसताना आणि असताना नकाशात तिळभरही फरक पडत नव्हता, आणि नकाशा शेलारांना पाठवला.