मामलेदारांपुढे घेतलेले नाव

लग्नाला सहा वर्षे झाली, तरी मैनाने नवऱ्याचे नाव कधी ओठावर आणले नव्हते. ‘आमचे हे’ म्हटले की भागत असे. नाव घेतले की धन्याचे आयुष्य घटते, अशी आंबेनळीच्या वाडीतल्या बायांची पक्की समजूत. मग जिथे तिचे पुरे नाव लिहायची वेळ येई, तिथे दुसरेच कुणी सांगे. पोष्टाचे बचतबुक काढताना दीर येसाजी पुढे झाला आणि त्याने भावाचे घरातले नाव ठोकून दिले. इंग्रजीत बुकावर उमटले, मैना दत्तू उतेकर.

नवरा मोंबासाला रेल्वेत होता. चार वर्षांनी त्याने तिला बोलावून घेतले होते. पासपोर्ट वेळेत झाला तर दिवाळीनंतरची बोट, नाहीतर पुन्हा वाट बघणे आलेच.

महाडच्या कचेरीत कारकुनाने तिचे कागद पसरले. “शाळेच्या दाखल्यावर मैना गोमाजी साळेकर. पोष्टात नवऱ्याचं नाव दत्तू. नवऱ्याच्या पासपोर्टाच्या नकलेवर दत्ताराम. मुंबईचा साहेब विचारील, या बाया किती?”

“एकच हाय. मी तिची सासू,” बाकावरून रंगूबाई म्हणाल्या.

कारकून माणूस भला होता. त्याने नीट समजावले. शाळेचे रजिस्टर आहे तसेच राहील, माहेरचे नाव तिथे बरोबरच आहे. मैना गोमाजी साळेकर हीच लग्नानंतर मैना दत्ताराम उतेकर, असे मामलेदारांपुढे शपथेवर लिहून द्यायचे. त्याच कागदावरून पोष्टातले बुक दुरुस्त होईल. इंग्रजी नाव मात्र नवऱ्याच्या पासपोर्टावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर.

“अंगठा इथे,” तो म्हणाला.

“सही करते,” मैना म्हणाली. चौथी पास होती ती. तिने बाळबोधीत ठसठशीत पुरे नाव लिहिले. तेवढ्याने निभावले, असे तिला वाटले.

पण मामलेदारांनी कागद पाहून विचारले, “बाई, तुमचं पूर्ण नाव तोंडानं सांगा.”

मैनाने सासूकडे पाहिले. रंगूबाई उठून तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“घे गो नाव. त्याची आय हाय मी. माजं आयुष्य त्याला लागू दे. माजी सून परमुलखात जाईल ती सोताच्या तोंडानं नाव सांगून. दुसऱ्यानं सांगितलेलं नाय चालायचं.”

मैनाने मान वर केली.

“मैना दत्ताराम उतेकर.”

आवाज दारातल्या शिपायापर्यंत गेला. रंगूबाईंचे डोळे भरून आले, आणि अभिमान तर चेहऱ्यावर मावेना. मामलेदारांनी सही केली, शिक्का बसला, काम झाले.

मैना मात्र जागची हलली नाही. कुणी विचारले नव्हते, तरी तिने ते नाव पुन्हा एकदा, सावकाश घेतले.