लाल-निळं पान

पुढच्या खोलीतल्या माझ्या शिकवणीत मिओसिस, म्हणजे पेशीचं अर्धगुणसूत्री विभाजन, एका पानावर बसवायची माझी खोड जुनी. बोर्डाच्या आठवडाभर आधी मी ते पान काढलं: आईकडचं गुणसूत्र लाल, बापाकडचं निळं. दोघं जोडीला येतात, क्रॉसिंग ओव्हरमध्ये लालच्या एका क्रोमॅटिडचं, म्हणजे त्याच्या दोन जुळ्या काड्यांपैकी एकीचं, टोक निळ्याच्या एकाकडे जातं, त्याचं इकडे येतं. शेवटी चार क्रोमॅटिड: एक पूर्ण लाल, एक पूर्ण निळं, दोन मिश्र. चार पेशींत एकेक. पान इतकं देखणं झालं की मीच दोनदा बघितलं.

प्रती शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं काढल्या. त्याची धाकटी बहीण माझ्याकडेच शिकायची. दप्तरात चिठ्ठ्या-चपाट्या साठवायची म्हणून पोरं तिला खारूताई म्हणायची. दुसऱ्यांदा बसत होती. भावानं बजावलं होतं, "या वेळी जीवशास्त्र सुटलं तर पुढे शीक, नाहीतर मशीनवर उभी राहा."

पेपरच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"बाई, शेवटची चारही सारखीच दिसतात हो."

मूळ पान माझ्या हातातच होतं.

"सारखी? डोळे उघडे ठेवून बघ गं बाई, आंधळ्यालाही कळेल!"

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

पेपर सुटल्यावर ती थेट आली. तीन गुणांची आकृती होती: एका क्रॉसिंग ओव्हरनंतरची चार क्रोमॅटिड.

"मी चारही सारखीच काढली. तुमच्या पानासारखी."

"माझ्या पानात तसं नाहीये."

तिनं दप्तरातून घडी काढून माझ्यापुढे ठेवली. लाल काळं, निळंही काळं. चार काळ्या काड्या, एकीसारखी दुसरी. इतक्या वर्षांत मी झेरॉक्सची प्रत कधी उलगडून पाहिलीच नव्हती.

"काल सांगायचं ना, रंगच नाहीत म्हणून!"

"रंग होते हे मला कुठे माहीत होतं, बाई?"

बाकीच्यांचीही आकृती चुकली, पण त्यांच्याकडे उधळायला गुण होते. खारूताई दोन गुणांनी राहिली. मी भावाकडे गेले, चूक माझी म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाई, निकालावर तुमचं नाव नाही ना." खरंच होतं.

या वर्षी पान घेऊन दुकानात गेले तेव्हा मशीनवर तीच होती. केस मागे बांधलेले, बोटांना शाई. पान बघितलं, मान हलवली. लाल-निळंच होतं, सवय जात नाही मेली.

"बसा," म्हणाली. कोरा कागद ओढला, माझी आकृती पेन्सिलीनं पुन्हा काढली: आईकडचं ठिपक्यांचं, बापाकडचं कोरं. शेवटच्या ओळीत एक ठिपक्यांचं, एक कोरं, आणि उरलेल्या दोघांची टोकं बदललेली. कुठे पट्टी नाही, कुठे खोडरबर नाही. अगदी बिनचूक.

"तू परत बस ना गं," मी म्हटलं.

तिनं झाकण उघडलं, कागद काचेवर सरळ केला.

"किती काढू, बाई?"